पोराले लिहिलेलं पत्र, तुमच्या कामी पडंल तर

"पोरगा पुण्यात कंपनीत आहे. पर्सनल लोन काढून क्रिप्टोत टाकतो म्हणते. फोनवर बोललो की चिडते. पत्र लिहावं वाटते, पण लिहू काय?"

भाऊ, मीही लिहिलं होतं, 2024 मधी, पोट्टा दुसऱ्यांदा लोन काढतो म्हणाला तवा. कामाचं तेवढं देतो. मी सीए नाही, कापूस-तुरीवाला माणूस आहे, टॅक्सचं जाणकाराले विचारून घ्या.

"चिरंजीवास आशीर्वाद. 2021 च्या नोव्हेंबरात बिटकॉइन 69 हजार डॉलरच्या आसपास होतं तवा तू दोन लाख लोन काढून घेतलं. 16 टक्के व्याज, तीन वर्षं, हप्ता सात हजारावर. वर्षभरात भाव 16 हजारापर्यंत आला, तुझ्या दोन लाखाचे पन्नासेक हजार राहिले. आता मार्चमधी तो भाव परत आला म्हणून तू मले चार्ट दाखवून रायला. पण ज्यानं घरचे पैसे टाकले होते तो सव्वादोन वर्षं थांबू शकला. तुले दर महिन्याच्या 5 तारखेला हप्ता होता, म्हणून तू नेमकं तळाले विकलं. या वक्तीही 5 तारीख येईनच.

आन टॅक्स पाय. एका कॉइनात 60 हजार कमावले आन दुसऱ्यात 60 हजार घालवले, तं हाती शून्य. तरी पहिल्या 60 वर 30 टक्के आन वरून सेस, म्हणजे 18,720 रुपये भरा लागते. तोटा त्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. लोनचं व्याजही खर्चात धरत नाहीत."

इथवर पत्र. आता माझी चूक सांगतो, ती त्याच्यापेक्षा मोठी होती. 2023 मधी त्याचे हप्ते बाउन्स झाले, वसुलीवाल्याचे फोन घरी येऊ लागले, बायको रडे, म्हणून पीककर्जात भरायसाठी ठेवलेले कापसाचे पैसे मी त्याच्या लोनले भरले. 31 मार्च हुकली. वेळेत भरलं असतं तं व्याज लागलंच नसतं, तीन लाखापर्यंतची ती सवलत गेली, आन खातं थकीत म्हणून जूनमधी नवीन कर्जही नाही. बँकेत गेलो तं साहेब म्हणे सोसायटीत जा, सोसायटीचा सचिव म्हणे यादी बँकेतून येते. चार चकरा, दर चकरीला एसटीचं भाडं आन एक दिवस खाडा, अन् त्या खुर्चीवरच्या माणसानं एकदाही डोकं वर करून पाहिलं नाही. शेवटी बियाणं-खत कृषी केंद्रातून उधारीवर उचललं, आन उधारीचा भाव रोखीपेक्षा वेगळाच असते हे तुमाले सांगायले नको. माझं मत इचाराल तं पोराचा हप्ता भराच, पण शेतीच्या पैशाले हात लावून नाही. तुमची परिस्थिती वेगळी असू शकते.

पत्र पोस्टानं पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवर नको, तिथं वाचून लगेच उलट उत्तर येते.

माझ्या पत्राचं उत्तर आलंच नाही. नोव्हेंबरात शेवटचा हप्ता भरून त्यानं नो ड्यूजच्या कागदाचा फोटो तेवढा पाठवला, खाली एक अक्षर नाही.