‘नाइस डे, इजन्ट इट?’ यावर काय म्हणावं?

प्रश्न : लंडनमध्ये बसथांब्यावर कुणी ‘नाइस डे, इजन्ट इट?’ म्हणालं की मी ‘येस’ म्हणतो आणि बोलणं तिथंच थांबतं. पुढे काय बोलायचं? आणि बोलणं लांबलं तर निघायचं कसं?

उत्तर : ‘इजन्ट इट’चा सूर ऐका. तो खाली उतरला, तर समोरच्याला दुजोरा हवा आहे; वर चढला, तरच त्याला खरोखर काही विचारायचं आहे. आपलं ‘काय उकडतंय, नाही?’ याच जातीचं. त्यावर कुणी नुसतं ‘हो’ म्हणून मान फिरवली, तर आपल्यालाही ते तुटक वाटतं.

म्हणून दुजोरा द्या आणि पुढे एक छोटी गोष्ट जोडा. ‘लव्हली, इजन्ट इट? आय गॉट सोक्ड यस्टरडे.’ या दुसऱ्या वाक्यामुळे समोरच्याला धरायला धागा मिळतो. तो ‘ओह नो, वेअर यू आउट इन दॅट?’ असं विचारेल किंवा स्वतःच्या भिजण्याबद्दल सांगेल. जोडायची गोष्ट एका वाक्याचीच असावी. अनोळखी माणसाला लांब हकिगत ऐकवली की तो फोन काढतो. तुम्हाला ती हवा आवडत नसली, तरी आधी होकार द्या, मग ‘बिट विंडी, दो’ म्हणा. सुरुवातच ‘नो’ने केली, तर वाद घातल्यासारखं वाटतं.

पुढचा प्रश्न दोघांसमोर जे आहे त्याबद्दल विचारा : ‘हॅव यू बीन वेटिंग लाँग?’ मराठी माणूस हमखास चुकतो तो इथे. ‘कुठे निघालात?’ हा आपल्याकडे शिष्टाचार आहे, पण ‘व्हेअर आर यू गोइंग?’ तिथे अनोळखी माणसाला चौकशी वाटू शकते. ‘गोइंग फार?’ चालतं, कारण त्याला ‘जस्ट टू टाउन’ एवढ्यावर सुटता येतं. वय, पगार, लग्न हे विषय टाळा. नावही लगेच विचारू नका. बऱ्याचदा ते निरोपाच्या वेळी सांगितलं जातं किंवा सांगितलंच जात नाही.

निघताना थेट ‘बाय’ म्हटलं, तर काही खटकलं की काय असं वाटतं. शेग्लॉफ आणि सॅक्स या अभ्यासकांनी 1973 साली दाखवून दिलं, की निरोपाआधी माणसं आणखी एक पायरी घेतात : ‘वेल’, ‘ओके’ असं काही म्हणून पुढे नवा विषय काढत नाहीत, आणि समोरच्यानेही काढला नाही की मगच निरोप घेतात. तुम्हीही ‘एनीवे’ किंवा ‘राइट’ म्हणून क्षणभर थांबा. मग कारण द्या आणि निरोप घ्या : ‘दॅट्स माय बस. नाइस टॉकिंग टू यू.’ ‘नाइस टू मीट यू’ सहसा ओळख होताना म्हणतात. निघताना ‘नाइस मीटिंग यू’. आणि ‘एनीवे’ समोरच्याच्या तोंडून आलं, तर नवा प्रश्न काढू नका, ‘यू टू, बाय’ची तयारी ठेवा.