पुस्तिकेतली टीप: पाहुण्याला काय दिसतंय तिथून सुरुवात करा

प्रश्न: बहिणीच्या लग्नात छोटी कार्यक्रमपुस्तिका छापतोय. मुस्लिम, ख्रिश्चन आणि काही परदेशी पाहुणे येणार आहेत. त्यांना विधी समजतील अशी टीप थोडक्यात आणि आदराने कशी लिहावी?

लग्नपत्रिका आणि अशा पुस्तिकांचा मजकूर लिहिणं हे माझं कामच आहे. तुमचं लग्न मराठी हिंदू पद्धतीचं आहे असं धरून लिहिते.

बहुतेक टिपा विधीच्या अर्थापासून सुरू होतात. ‘विवाह हा सोळा संस्कारांपैकी एक महत्त्वाचा संस्कार आहे’ वगैरे. पाहुण्याची अडचण वेगळीच असते. समोर काहीतरी चाललेलं असतं, मंत्र कळत नसतात, आणि हे नेमकं काय आहे, आपण उभं राहायचं की बसायचं, हातात दिलेल्या वस्तूचं काय करायचं, हे त्याला हवं असतं. म्हणून प्रत्येक विधीची सुरुवात डोळ्यांना दिसणाऱ्या खुणेने करा. मग एका वाक्यात अर्थ, आणि शेवटी पाहुण्याने काय करायचं ते. विधीचं नाव आहे तसंच ठेवा, म्हणजे गुरुजींनी ते उच्चारलं की पाहुणा पानावर बोट ठेवू शकतो.

सगळे विधी घेऊ नका. पुण्याहवाचन, देवकप्रतिष्ठा, गौरीहर हे पाहुणे येण्याआधी किंवा घरच्यांपुरतेच होतात. चार विधी पुरतात: मंगलाष्टकं, कन्यादान, लाजाहोम आणि सप्तपदी. मंगळसूत्राला एक ओळ द्या. सगळं मिळून एक पान, त्याहून जास्त कुणी उभ्याउभ्या वाचत नाही.

सगळ्यात जास्त काळजी अक्षतांची घ्या. एका लग्नात माझ्या शेजारच्या खुर्चीवर नवऱ्यामुलाची ऑफिसमधली मैत्रीण बसली होती. दारात कुणीतरी तिच्या हातावर कुंकवाने लाल झालेले तांदूळ ठेवले आणि पुढे गेलं. पाच मंगलाष्टकं होईपर्यंत तिने मूठ घट्ट मिटून धरली होती. शेवटी हळूच मला विचारलं, “हे खायचे असतात का? आणि मी टाकले तर ती माझ्याकडून पूजा ठरेल का?” दुसरा प्रश्न तिच्यासाठी फार खरा होता. एकाच देवाची उपासना करणाऱ्या माणसाला शुभेच्छा देणं आणि पूजेत भाग घेणं यांतला फरक महत्त्वाचा असतो. अक्षता वधूवरांवर आशीर्वाद म्हणून टाकतात हे टिपेत स्पष्ट लिहिलं की त्याला स्वतःचा निर्णय स्वतः घेता येतो. तो निर्णय त्याच्यावरच सोडा. ‘यात धार्मिक काही नाही’ असं मात्र लिहू नका. ते खरंही नाही, आणि तुमच्या गुरुजींना आणि आजीलाही ते आवडणार नाही.

दुसरी गोष्ट अंतरपाटाची. त्यावर बहुतेक वेळा कुंकवाचं स्वस्तिक असतं आणि मंगलाष्टकं चालू असताना ते सगळ्या मांडवाच्या नजरेसमोर असतं. युरोपातून आलेल्या किंवा ज्यू पाहुण्याला ते पाहून धक्का बसू शकतो, आणि सभ्यपणामुळे तो विचारणारही नाही. टिपेत इतिहास उगाळायची गरज नाही. हिंदू, जैन आणि बौद्ध परंपरांत हे प्राचीन शुभचिन्ह आहे, एवढं एक वाक्य पुरे. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर स्वस्तिक छापणार असाल तर ते वाक्य पहिल्याच पानावर हवं.

तिसरी गोष्ट क्रमाची, आणि इथे घरचे लोकही चुकतात. आपल्याकडे पत्रिकेत छापलेला मुहूर्त म्हणजे अंतरपाट दूर होऊन हार घालण्याची वेळ. हार पडले, वाजंत्री वाजली की अर्धा हॉल जेवायला जातो. नवख्या पाहुण्याला वाटतं लग्न संपलं, आणि तो भेटवस्तू घेऊन थेट बोहल्यापाशी येतो. प्रत्यक्षात होम आणि सप्तपदी अजून व्हायच्याच असतात. हिंदू विवाह कायदा 1955 च्या कलम 7 प्रमाणे, ज्या लग्नात सप्तपदी हा विधीचा भाग आहे तिथे सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. कायद्याची ही बाब टिपेत घालू नका, पण ‘यानंतर मुख्य विधी आहेत’ हे वाक्य जरूर घाला. ज्यांना बघायचंय ते थांबतील. मला तर वाटतं की परधर्मीय पाहुणे अनेकदा आपल्यापेक्षा मन लावून सप्तपदी बघतात.

सप्तपदीबद्दलच एक सावधगिरी. इंटरनेटवरचा तयार मजकूर बहुधा ‘अग्नीभोवती सात फेरे’ सांगतो. आपल्याकडे बहुतेक घरांत तांदळाच्या सात लहान राशी मांडतात आणि वधू एकेका राशीवर पाऊल ठेवत पुढे जाते. अग्नीभोवतीच्या प्रदक्षिणा लाजाहोमाच्या वेळी होतात. पुस्तिकेत सात फेरे छापले तर पाहुणा फेरे मोजत बसेल आणि ते सात भरणारच नाहीत. तुमच्या घरची पद्धत वेगळी असू शकते, कन्यादान मुहूर्ताच्या आधी की नंतर हेही गुरुजींप्रमाणे बदलतं. म्हणून छापण्यापूर्वी गुरुजींना फोन करून क्रम विचारा आणि तोच छापा. बहिणीने कन्यादान करायचं नाही असं ठरवलं असेल तर तो परिच्छेद काढून टाका.

आता नमुना देते. हवा तसा बदला.

“आमच्या लग्नाला आलात, मनापासून आनंद झाला. आजचे विधी आमच्या घरच्या परंपरेतले आहेत. ते कळावेत म्हणून ही ओळख. एखाद्या गोष्टीत भाग घेणं तुमच्या श्रद्धेत बसत नसेल तर ती खुशाल सोडा, तुमचं इथे असणं आमच्यासाठी पुरेसं आहे.

मंगलाष्टकं. वधू आणि वर समोरासमोर उभे राहतात, मधे एक कापड धरलेलं असतं. त्याला अंतरपाट म्हणतात. त्यावरचं स्वस्तिक हे हिंदू, जैन आणि बौद्ध परंपरांतलं प्राचीन शुभचिन्ह आहे. दोघांना शुभेच्छा देणारी पद्यं गायली जातात आणि प्रत्येक पद्य ‘सावधान’ या शब्दाने संपतं. तो शब्द ऐकला की पाहुणे हातातले रंगीत तांदूळ, म्हणजे अक्षता, आशीर्वाद म्हणून वधूवरांच्या दिशेने हलकेच टाकतात. या वेळी सगळे उभे असतात. अक्षता टाकायच्या नसतील तर नुसतं उभं राहिलात तरी छान. मुहूर्ताला कापड दूर होतं आणि दोघं एकमेकांना हार घालतात. यानंतर मुख्य विधी आहेत. ते बसून पाहता येतील.

कन्यादान. वधूचे आईवडील तिचा हात वराच्या हातात देतात आणि त्यावर पाण्याची धार सोडतात. धर्म, अर्थ आणि काम या तिन्ही बाबतींत हिला डावलून वागणार नाही, असं वचन वर देतो. त्यानंतर तो वधूला मंगळसूत्र घालतो.

लाजाहोम. वधूचा भाऊ तिच्या ओंजळीत साळीच्या लाह्या देतो, त्या अग्नीत अर्पण केल्या जातात आणि दोघं अग्नीला प्रदक्षिणा घालतात. अग्नी हा या विवाहाचा साक्षीदार मानला जातो. मधेच भाऊ वराचा कान पिळतो, तेव्हा हसायला हरकत नाही.

सप्तपदी. तांदळाच्या सात राशींवरून वधू वरासोबत सात पावलं चालते. एकेक पाऊल अन्न, बळ, समृद्धी, सुख, संतती आणि ऋतू यांसाठी असतं. सातवं पाऊल सख्यासाठी. इथे विवाह पूर्ण होतो.”

कान पिळण्याची ओळ ठेवाच. परक्या माणसाला समारंभात कधी हसायचं हे कळत नाही, आणि ती परवानगी मिळाली की तो सैल होतो.

याखाली सूचनांच्या तीन-चार ओळी लागतील. बोहल्यावर जाताना चपला काढाव्यात, खुर्च्यांपाशी नाही काढल्या तरी चालतील. वधूवर आणि अग्नी यांच्या मधून जाऊ नये आणि अग्नीत आपणहून काही टाकू नये. फोटो काढायला हरकत नाही, होमाच्या वेळी फ्लॅश टाळावा. दारात हळदकुंकू, अत्तर, गुलाबपाणी देतात, जे नको असेल त्याला हात जोडून नाही म्हटलं तरी चालतं. ही शेवटची ओळ दारात उभ्या राहणाऱ्या मावशी-आत्यांनाही आधी वाचून दाखवा, नाहीतर त्या प्रेमाने आग्रह करतील आणि पाहुणी अवघडेल.

प्रसादाबद्दल लिहिताना जपून. देवापुढे ठेवलेलं अन्न काही पाहुणे खात नाहीत. त्यांना दिलासा द्यायला म्हणून ‘जेवण हा प्रसाद नाही’ असं छापायचा मोह होतो, पण अनेक घरांत त्याच स्वयंपाकाचा नैवेद्य आधी दाखवतात. घरात विचारा. तसं असेल तर खरं ते लिहा आणि नैवेद्य दाखवण्याआधी थोडं जेवण वेगळं काढून ठेवता येईल का ते आचाऱ्याशी आधीच बोला.

दोन गोष्टी टाळा. एक, पाहुण्याच्या धर्माशी तुलना. ‘हे तुमच्या निकाहातल्या कबुलीसारखं’ असं लिहिणाऱ्याचा हेतू जवळीक साधण्याचा असतो, पण ज्याचा विधी आहे त्याला ते अर्धवट वाटतं आणि दोन्ही विधींचा अर्थ निसटतो. दुसरं, विधींना वैज्ञानिक कारणं चिकटवणं. होमाच्या धुराने हवा शुद्ध होते वगैरे वाचून पाहुण्यातला डॉक्टर गप्प बसेल, पण बाकीच्या मजकुरावरचाही त्याचा विश्वास उडेल. ‘आम्ही असं मानतो’ हे शब्द पुरेसे भक्कम आहेत.

मसुदा झाला की दोघांना दाखवा. गुरुजींना क्रमासाठी, आणि येणाऱ्यांपैकी एखाद्या मुस्लिम किंवा ख्रिश्चन स्नेह्याला शब्दांसाठी. “हे वाचून तुला कुठे अडल्यासारखं वाटतंय?” एवढंच विचारा. पुस्तिका इंग्रजीतही छापणार असाल तर दोन्ही मजकूर समोरासमोरच्या पानांवर ठेवा, म्हणजे शेजारी बसलेली मराठी मावशीसुद्धा बोट दाखवून सांगू शकेल की आता इथे आलोय. आणि पुस्तिका दारात वाटण्यापेक्षा खुर्च्यांवर ठेवा, दारात हात आधीच अक्षतांनी भरलेले असतात.