चहाची फ्रँचायझी: गल्ला रोजचा, करार साठ महिन्यांचा

प्रश्न: साताऱ्यात चहाच्या ब्रँडची फ्रँचायझी घेतोय. प्रवेश फी ४ लाख, इंटिरिअर आणि मशिनरी ७ लाख, विक्रीवर ६ टक्के रॉयल्टी, करार ५ वर्षांचा. दुकानभाडं ३० हजार. कंपनी म्हणते, रोज ९ हजारांचा गल्ला होईल. घ्यावी का?

दादा, ९ हजार हा कंपनीचा आकडा आहे, त्यावर पैसे लावू नका. मी अशी फ्रँचायझी चालवली आहे, म्हणून सांगतो.

फी आणि रॉयल्टी, दोन्हींवर १८ टक्के जीएसटी लागतो. चहाचं दुकान रेस्टॉरंटच्या ५ टक्के दरात येतं आणि त्या दरात भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. म्हणजे तुमची फी ४ लाख ७२ हजार आणि रॉयल्टी ७.०८ टक्के धरा. ही रॉयल्टी विक्रीवर आहे. महिना तोट्यात गेला तरी ती द्यावीच लागते.

एकूण ११ लाख ७२ हजार गुंतले. करार संपला की बोर्ड उतरतो, इंटिरिअरला भंगाराचा भाव येतो. म्हणून ही रक्कम ६० महिन्यांत वाटा, महिन्याला साधारण साडेएकोणीस हजार. हा खर्च कंपनीच्या कागदावर कधीच नसतो.

आता जीएसटी वगळून गल्ला रोज ६ हजार धरू, महिन्याला १ लाख ८० हजार. दूध, साखर, पावडर, कप मिळून माझ्याकडे ४२ टक्के जायचे, म्हणजे साडेपंचाहत्तर हजार. भाडं ३०, दोन पोरांचा पगार २८, गॅस-लाइट १२, रॉयल्टी पावणेतेरा हजार. उरले साधारण साडेएकवीस. त्यातून साडेएकोणीस वजा केले की पहाटे पाचपासून राबल्याचे तुम्हाला दोन हजार. ९ हजारांचा गल्ला खरंच झाला, तर तिसरा पोरगा ठेवूनही साधारण चौतीस हजार सुटतात. सगळा फरक या एका आकड्यात आहे.

तो स्वतः मोजा. तुमच्यासारख्याच गावातलं, वर्षभर जुनं झालेलं दुकान निवडा. समोर बसून एक कामाचा दिवस आणि एक रविवार, सकाळी सहा ते रात्री दहा, वहीत कपांच्या रेघा ओढा. उद्घाटनाच्या महिन्यातली गर्दी मोजू नका, ती टिकत नाही. बंद पडलेल्या दुकानांचे नंबरही कंपनीकडे मागा.

माझं घोडं अडलं ते मुदतीवर. ब्रँडचा करार ५ वर्षांचा, जागेचा लिव्ह अँड लायसन्स ३ वर्षांचा. तिसऱ्या वर्षाअखेर मालकानं भाडं जवळपास दुप्पट मागितलं. दुसरीकडे हललो, तर टाइल्स, काउंटर, सिलिंग तिथंच राहिलं, आणि कंपनीनं जागाबदलाची वेगळी फी घेतली. तुमच्या जागेचा करार पूर्ण ५ वर्षांचा, मालकाला मधेच जागा काढून घेता येणार नाही असा लॉक-इन असलेला, रजिस्टर करून घ्या. भाडेवाढ किती टक्के, तेही त्यातच लिहून घ्या. हे झाल्याशिवाय कंपनीला टोकनही देऊ नका.

कपांचा आकडा आला की इथे टाका, तुमच्या भाड्यावर पुन्हा हिशोब मांडून देतो.