पोलीस वॉरंट घेऊन आले तर: सोसायटीच्या बोलण्यात काय सांगावं

प्रश्न: पुण्यातल्या आमच्या सोसायटीत रहिवाशांसाठी तासाभराचं बोलणं ठेवतोय, 'पोलीस वॉरंट घेऊन दारात आले तर काय करायचं'. त्यात नेमकं काय सांगावं?

अटकेचं वॉरंट पाच मिनिटांत उरका. जामीनपात्र असेल तर जामिनाची रक्कम वॉरंटवरच लिहिलेली असते. जामीनदार देऊन, ठरल्या तारखेला कोर्टात हजर राहण्याची हमी दिली की सुटका होते. खरा वेळ झडतीच्या वॉरंटला द्या, कारण तिथे घरातल्यांइतकंच शेजाऱ्यांनाही काम पडतं.

समजा, कोथरूडच्या एका इमारतीत फ्लॅट ३०२ ची झडती आहे. दार उघडण्याआधी वॉरंट वाचायला मागा. कोर्टाचा शिक्का, न्यायाधीशांची सही, पत्ता आणि कशासाठी झडती, एवढं बघा. पत्त्यावर २०२ असेल तर तिथेच शांतपणे दाखवून द्या. सगळं बरोबर असेल तर मात्र अडवू नका; आत येऊ दिलं नाही तर कायद्याने दार तोडता येतं. तपास अधिकाऱ्याला काही परिस्थितीत, कारणं लिहून ठेवून, वॉरंटशिवायही झडती घेता येते, हेही लोकांना सांगाच.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १०३ नुसार झडतीआधी परिसरातले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित, त्रयस्थ पंच बोलवावे लागतात आणि त्या घरात राहणाऱ्याला झडतीभर हजर राहता येतं. बाईची अंगझडती बाईच घेते. कलम १०५ नुसार झडतीचं आणि जप्त वस्तूंची यादी करतानाचं चित्रीकरण व्हायला हवं. कॅमेरा दिसला नाही तर सुरुवातीलाच विचारा.

गाडं अडतं ते यादीवर. 'एक काळा मोबाईल, एक लॅपटॉप' एवढंच लिहिलं तर पुढे कोर्टात तीच वस्तू आहे का, यावर वाद होतो. मोबाईलचा पंधरा आकडी आयएमईआय (`*#06#` लावला की दिसतो), लॅपटॉपच्या तळाचा अनुक्रमांक, रोख रकमेत कोणत्या नोटा किती, आणि वस्तू कुठल्या खोलीतल्या कुठल्या कपाटात सापडली, हे यायलाच हवं. यादीची प्रत त्या घरात राहणाऱ्याला मिळते. ती मागून घ्या आणि जिने उतरायच्या आत ताडून बघा.

पंच म्हणून शेजारच्या काकांना बोलावलं तर त्यांनी घाबरून 'नाही' म्हणू नये. लेखी आदेश हातात देऊनही सबळ कारणाशिवाय नकार देणं गुन्हा ठरतो. पण डोळ्यांनी जे पाहिलं त्यावरच सही करावी, कोऱ्या कागदावर कधीच नाही. ते स्वयंपाकघरात उभे असताना बेडरूममधून वस्तू निघाली असेल, तर पंचनाम्यात तसं लिहून घ्यावं. समन्स आल्याशिवाय पंचाला कोर्टात जावं लागत नाही. या एका वाक्याने निम्मी भीती जाते, म्हणून ते बोलण्यात जरूर घ्या.

चित्रीकरण झालं नाही किंवा प्रत दिली नाही, तर दारात हुज्जत घालू नका. त्याच दिवशी वेळ आणि हजर असलेल्यांची नावं लिहून ठेवा आणि वकिलामार्फत संबंधित कोर्टात लेखी अर्ज द्या.