भिंतीत पक्का बसवलेला रॉड तापल्यावर भिंतींवर किती जोर येतो?

प्रश्न: कुपवाडच्या शेडमध्ये दोन काँक्रीट भिंतींत 20 मिमीचा, 3 मीटर लांबीचा स्टीलचा रॉड पक्का बसवलाय. बसवताना 20 अंश होते, उन्हाळ्यात 60 होतील. स्ट्रेस आणि भिंतीवरचं बल कसं काढायचं? लांबी कुठे वापरायची?

उत्तर: आधी भिंत नाही असं समजा. α = 12×10⁻⁶ प्रति अंश आणि फरक 40 अंशांचा, म्हणजे रॉड 12×10⁻⁶ × 40 × 3000 = 1.44 मिमी वाढला असता. भिंती ही वाढ होऊ देत नाहीत, म्हणून त्या रॉडला तेवढंच परत दाबतात. 1.44 ला 3000 ने भागलं की स्ट्रेन येतो, त्यात लांबी कटते आणि उरतं ते असं:

σ = E α ΔT = 200000 × 12×10⁻⁶ × 40 = 96 N/mm²

क्षेत्रफळ 314 मिमी², म्हणून बल सुमारे 30.2 kN, जवळजवळ तीन टन. E इथे N/mm² मध्येच घ्या आणि ΔT मध्ये 273 मिळवू नका. फरक सेल्सिअसमध्येही 40 आणि केल्व्हिनमध्येही 40 च.

भिंती मिळून 0.5 मिमी सरकल्या, तर अडवलेली वाढ 0.94 मिमीच उरते. स्ट्रेस 62.7 N/mm² आणि बल 19.7 kN होतं. इथे मात्र लांबी लागते.

पेपरात उत्तर इथे संपतं, पण तुमच्या शेडमध्ये 30 kN कधी येणारच नाही. इतका लांब, बारीक रॉड त्याच्या कितीतरी आधी बकल होईल. दोन्ही टोकं पक्की असताना ऑयलरचं बल 4π²EI/L². I = πd⁴/64 = 7854 मिमी⁴ घातलं की ते फक्त 6.9 kN येतं, आणि एवढं बल तापमान 9 अंशांनी वाढलं की तयार होतं. त्यापुढे रॉड तापत गेला तरी बल जवळपास तिथेच थांबतं, वाढ सगळी वाकण्यात जाते. 60 अंशांना मधला बाक हिशेबाने सुमारे 37 मिमी येतो. दुपारी टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणून धरा, डोळ्यांना दिसेल.

म्हणजे भिंतीवरचा जोर पाव हिश्शापेक्षाही कमी झाला. रॉडचं मात्र उलट होतं. सरळ दाबाचे 22 आणि वाकण्याचे सुमारे 161 मिळून स्ट्रेस 183 N/mm² वर जातो, 96 च्या जवळपास दुप्पट. साध्या माइल्ड स्टीलचा यील्ड 250 च्या आसपास असतो, म्हणून संध्याकाळी थंड झाल्यावर रॉड पुन्हा सरळ व्हायला हवा. सकाळीही बाक राहिला असेल तर रॉड यील्ड झालाय किंवा टोकाची पकड सरकलीय.

96 आणि 30.2 हे आकडे खरे ठरवायचे असतील, तर या व्यासाला आधाराविना लांबी साधारण 1.4 मीटरच्या आत हवी. नाहीतर रॉडचे तीन समान भाग पडतील अशा दोन जागी, रॉड कुठल्याच बाजूला हलणार नाही आणि तिरकाही होणार नाही असे घट्ट क्लॅम्प द्या. मध्यावर एकच दिला तर भाग 1.5 मीटरचे राहतात, ते पुरत नाही. मात्र मग भिंतींवर पूर्ण तीन टन येतात. रॉडचं टोक काँक्रीटवर थेट टेकलं असेल तर तिथे 96 N/mm² चा दाब पडतो आणि M20 ची ताकद 20 आहे. काँक्रीट तिथे चुरडेल. टोकाला 150 × 150 ची जाड प्लेट दिली की तोच दाब सरासरी 1.3 वर येतो.