तीन सायकलचं पॅकेज, पण सायकल म्हणजे काय?

"मॅडम, आम्ही दोघं नोकरी करतो. पुण्यात तीन आयव्हीएफ सायकलचं ३ लाख ६० हजारांचं पॅकेज घेतलं, ईएमआयवर. औषधांचे ९० हजार वेगळे गेले. एग पिकअप एकदाच झालं, त्यातल्या एम्ब्रियोंचे तीन ट्रान्सफर फेल गेले. क्लिनिक म्हणतं पॅकेज संपलं. पैसे परत मिळतील का?"

ट्रान्सफर फेल गेलं म्हणून पैसे मिळत नाहीत, ते सोडा. तुमची केस एका शब्दावर उभी आहे, सायकल. इंजेक्शनं देऊन अंडी काढण्यापासून, म्हणजे पिकअपपासून मोजायची, की एम्ब्रियो म्हणजे तयार झालेला गर्भ गर्भाशयात सोडायचा, तो प्रत्येक ट्रान्सफर म्हणजे एक? सही केलेला कागद काढा आणि बघा व्याख्या कुठे आहे का. सही करताना वाचला नसणारच, कोणीच वाचत नाही आणि मग माझ्याकडे येतात!

'फ्रोझन ट्रान्सफरही एक सायकल' असं स्पष्ट लिहिलं असेल तर हात बांधलेले आहेत. नुसतं 'तीन सायकल' असेल तर संदिग्ध शब्दाचा अर्थ तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावतात, आणि तुमचे दोन पिकअप बाकी आहेत असं म्हणता येतं, म्हणजे हिशोबाने २ लाख ४० हजार. काउन्सेलरने व्हॉट्सअपवर पाठवलेलं रेट कार्ड डिलीट करू नका, त्यात 'तीन पिकअप' असं काही असलं तर सोनं आहे. आणि मेडिकल रेकॉर्ड आजच लेखी मागा, मागितल्यापासून ७२ तासांत द्यायचा असतो, किती अंडी, किती एम्ब्रियो, किती फ्रीझ, सगळं त्यात असतं.

पण क्लिनिकने उरलेले दोन पिकअप करून देतो म्हटलं तरी उड्या मारू नका. औषधं पॅकेजबाहेर आहेत, डोस वाढला तर ९० हजारांत भागणारही नाही. तरी ९० च धरा, तीन वेळचे २ लाख ७० हजार, म्हणजे ३ लाख ६० हजारांचं पॅकेज खरं ६ लाख ३० हजारांचं, वर एम्ब्रियो गोठवून ठेवायचं, फ्रीझिंगचं भाडं. हे पहिल्याच दिवशी विचारायचं होतं. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम एकदा बघा, काहींमध्ये आयव्हीएफला ठराविक रक्कम असते, स्वतः घेतलेल्या पॉलिसीत बहुतेक वेळा वंध्यत्व वगळलेलंच असतं.

नोटीस देऊन जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, ५ लाखांपर्यंत फी नाही. तक्रार सेवेतल्या त्रुटीची ठेवा, अनफेअर कॉन्ट्रॅक्ट म्हटलंत की ती राज्य आयोगाकडे जाते. मुदत २ वर्षं, आणि ती कधीपासून मोजायची यावर त्यांचा वकील भांडणारच, म्हणून पॅकेज संपल्याचं लेखी घ्या आणि तारीख जपा. कायद्यात निकाल ३ महिन्यांत लावायचा असं आहे, प्रत्यक्षात वर्षं जातात. तोवर ईएमआय थांबवू नका, कर्ज बँकेचं आहे, क्लिनिकशी भांडण असलं तरी सिबिल तुमचंच खराब होईल.