हात धुण्यावरील ॲनिमेशन मालिकेसाठी निधी मागणारे पत्र

प्रश्न: शाळांसाठी हात धुण्याविषयी दोन-दोन मिनिटांच्या सहा ॲनिमेशन भागांची मालिका करायची आहे. एका लहान निधी देणाऱ्या संस्थेला एक पानी पत्र लिहायचे आहे. त्यात नेमके काय असावे?

उत्तर:

पहिल्या परिच्छेदातच एक कृती आणि तिची एक वेळ सांगा. उदाहरणार्थ, शौचालयातून वर्गात परतण्यापूर्वी साबणाने हात धुणे. ‘मुलांमध्ये स्वच्छतेची जाणीव निर्माण करणे’ हे उद्दिष्ट लिहिले की वाचणाऱ्याला पुढे काय बदलणार आणि ते कसे दिसणार हे कळत नाही. शिवाय हात धुवावेत हे बहुतेक शाळकरी मुलांना आधीच ठाऊक असते. माहिती आणि कृती यांतले अंतर तुमची मालिका कसे कमी करणार, हेच पत्राने सांगायचे आहे.

यासाठी एक भक्कम आधार उपलब्ध आहे. आंध्र प्रदेशातील गावांमध्ये झालेल्या आणि २०१४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोगजंतूंची माहिती देण्याऐवजी किळस आणि मुलांना चांगले वळण लावण्याची आईची इच्छा या भावनांवर भर दिला होता, आणि त्यातील साहित्यात ॲनिमेशनपटही होता. सहा महिन्यांनंतर साबणाने हात धुण्याचे प्रमाण मोहीम राबवलेल्या गावांत ३७ टक्के, तर इतर गावांत ६ टक्के आढळले. मात्र ती मोहीम केवळ चित्रपटाची नव्हती, तिच्यात प्रत्यक्ष कार्यक्रमही होते. हे पत्रात स्पष्ट लिहा आणि तुमच्या प्रत्येक भागानंतर शिक्षक वर्गात कोणती एक कृती करून घेतील, तेही त्याच ओळीत सांगा.

ॲनिमेशनच का, या प्रश्नाचे उत्तरही तिथेच द्यावे. जे डोळ्यांना दिसत नाही ते ॲनिमेशन दाखवू शकते: हातावरचा डाग पेन्सिलीवर, पेन्सिलीवरून मैत्रिणीच्या हातावर आणि तिथून तिच्या घासावर जाताना मुले पाहतात. जंतूंना गोल डोळ्यांची गोंडस पात्रे करणे मला चुकीचे वाटते, कारण मुलांना ती आवडू लागतात आणि किळस निघून जाते.

लहान संस्थेकडे सहाही भागांचा खर्च मागू नका. पहिल्या टप्प्याचाच मागा: एका भागाची संहिता, स्टोरीबोर्ड, ॲनिमॅटिक म्हणजे कच्च्या आवाजासह वेळेत बसवलेली स्थिर चित्रे, दोन शाळांतील चाचणी आणि त्यानंतर तो एक पूर्ण भाग. ॲनिमॅटिकमध्ये प्रसंग बदलणे स्वस्त असते, तर पूर्ण ॲनिमेशन झाल्यावर तोच बदल फार महाग पडतो. म्हणून चाचणी या जागी का ठेवली, हे एका वाक्यात लिहावे. पात्रांचे हलवता येणारे सांगाडे आणि शाळेची पार्श्वभूमी पुढच्या भागांत पुन्हा वापरता येत असल्याने पहिल्या भागाचा खर्च जास्त दिसतो, याचाही उल्लेख करा; नाहीतर वाचणारा त्याच रकमेला सहाने गुणतो.

पत्राचा गाभा साधारण असा होईल:

‘आम्ही आपल्याकडे एका दोन मिनिटांच्या भागासाठी आणि त्याच्या चाचणीसाठी निधी मागत आहोत. दोन्ही शाळांत नळ आणि पाणी आहे. चाचणीच्या काळातील साबणाचा खर्च अंदाजपत्रकात धरला आहे. एका शाळेत भागाचे ॲनिमॅटिक आधी दाखवले जाईल, दुसरीत चार आठवड्यांनी. शौचालयातून बाहेर येणाऱ्या मुलांपैकी किती जण साबण वापरतात, याची नोंद दोन्हीकडे आधी आणि नंतर केली जाईल. फरक न आढळल्यास उरलेले पाच भाग या स्वरूपात करणार नाही आणि कारणे आपल्याला लेखी कळवू.’

मोजणीची पद्धत नीट ठरवा. ‘हात धुतलेस का?’ असे विचारले की बहुतेक मुले हो म्हणतात, आणि कोणी पाहत आहे हे लक्षात आले तरी धुण्याचे प्रमाण वाढते. त्यामुळे निरीक्षक काही दिवस आधीपासून तिथे बसू द्यावा आणि त्याच्या नोंदीला साबणाच्या वापराची जोड द्यावी. साबणाचे पाणी बाटलीत ठेवले तर रोज किती कमी झाले हे बाटलीवरच्या रेषेवरून वाचता येते. बाटली सांडली असेल तर त्या दिवसाची नोंद सोडून द्यावी. दोन शाळांवरून सर्वत्र लागू होणारा निष्कर्ष निघत नाही, पण पुढे जावे की नाही हे ठरवण्यास तेवढी माहिती पुरेशी असते, आणि पत्रात दावा तेवढाच ठेवा. या निधीतून अतिसार कमी होईल असे मात्र लिहू नका, कारण ते मोजण्यासाठी कितीतरी अधिक शाळा आणि वेळ लागतो, आणि आरोग्यक्षेत्र जाणणारा वाचक नेमक्या त्याच ओळीवर थांबेल.

पत्रासोबत चित्रफितीचा दुवा नसला तरी चालेल. डाग पसरण्याच्या प्रसंगाचे सहा चौकटींचे स्टोरीबोर्डचे पान आणि अर्ध्या पानाचे अंदाजपत्रक जोडा. मुख्याध्यापकांचे संमतिपत्र मिळाले असेल तर तेही जोडा.